कठड्याच्या पायथ्याशी मेम्ब्रेन कुठे आणि कसे संपवावे

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी टॉर्चने चिकटवायचे एपीपी मेम्ब्रेन करून घेतले. गच्चीच्या मधल्या भागाखाली कुठेच गळत नाही, पण वरच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीलगत छताच्या कडेने दर पावसाळ्यात ओल येते. कंत्राटदार म्हणतो, कठड्यावर मेम्ब्रेनच्या वरच्या कडेला सिलंटची रेघ मारली की झाले. तेवढे पुरेल का? की भिंतीत झिरी मारून मेम्ब्रेन आत घ्यावे लागेल? किती उंचीवर आणि किती खोल?

उत्तर: सिलंटची रेघ पुरणार नाही. तिने फार तर एखादा पावसाळा निघेल, कारण पाणी ज्या वाटेने मेम्ब्रेनच्या मागे उतरते ती वाट त्या रेघेच्याही मागून जाते. कठडा 230 मिमी जाडीच्या विटेचा असेल, तर झिरी मारून मेम्ब्रेनची कड भिंतीच्या आत घेणे हाच योग्य उपाय आहे. झिरीची खालची कड गच्चीच्या अंतिम पृष्ठभागापासून, म्हणजे लादी किंवा कोबा झाल्यानंतरच्या पातळीपासून, किमान 150 मिमी वर असावी आणि झिरी प्लास्टर ओलांडून प्रत्यक्ष विटेत सुमारे 25 मिमी शिरलेली असावी. कठडा काँक्रीटचा किंवा अर्ध्या विटेचा असेल तर उत्तर वेगळे आहे, ते पुढे दिले आहे.

पाणी मागे कसे जाते हे एकदा नीट डोळ्यांसमोर आले, की बाकीचे सगळे तपशील आपोआप पटतात. कठड्याच्या आतल्या बाजूचे प्लास्टर हे पाणी अडवणारे कवच नाही. पावसात ते भिजते, त्याला केसासारख्या तडा असतात आणि कालांतराने ते जागोजागी विटेपासून सुटून पोकळ होते. मेम्ब्रेन या प्लास्टरच्या वरच्या थरावर चिकटवून तिथेच कापून सोडले असेल, तर त्याच्या कडेच्या वर भिजलेल्या प्लास्टरमधले पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरत राहते. प्लास्टरच्या अंगातून आणि प्लास्टर व वीट यांच्यामधल्या पोकळीतून ते मेम्ब्रेनच्या मागच्या बाजूने कठड्याच्या पायथ्यापर्यंत येते आणि स्लॅब व कठडा यांच्या सांध्यातून घरात उतरते. अशा वेळी मेम्ब्रेनची कड भिंतीला कितीही घट्ट चिकटलेली असली, तरी ती ज्या प्लास्टरला चिकटलेली आहे त्याच्या आतूनच पाणी जात असते. म्हणून कडेवर बाहेरून मारलेली सिलंटची रेघ, ती कितीही उत्तम प्रतीची असो, या वाटेला हातही लावत नाही. झिरीचे खरे काम मेम्ब्रेनचे टोक लपवण्याचे नसून प्लास्टरमधली ही वाट तोडण्याचे आहे, आणि म्हणूनच केवळ प्लास्टरच्या जाडीत मारलेली 10 मिमीची झिरी निरुपयोगी ठरते.

दुसरी वाट अधिक साधी आहे. मेम्ब्रेनची वरची कड भिंतीपासून किंचित सुटते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी सरळ त्या फटीत शिरते. कड सुटण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. मेम्ब्रेनच्या मागच्या बाजूला पातळ प्लास्टिकची फिल्म असते, ती ज्योतीने पूर्ण वितळून जायला हवी. वरच्या टोकाशी भिंतीचा रंग काळवंडू नये म्हणून कामगार ज्योत आखडती घेतो, फिल्म तशीच राहते आणि नेमकी जी कड सर्वांत घट्ट बसायला हवी तीच सर्वांत कच्ची राहते. आपल्या गच्चीवर पट्टीचे बोथट पाते कडेखाली सरकवून पाहावे. ते सहज आत जात असेल आणि मागची बाजू चकचकीत दिसत असेल, तर ती न वितळलेली फिल्म आहे.

तरीही काम काढण्यापूर्वी पाणी खरोखर कठड्यावरूनच येते आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण छताच्या कडेची ओल बाहेरच्या भिंतीच्या तड्यांमधूनही येऊ शकते. मी दोन टप्प्यांत चाचणी घेतो. आधी पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून, मध्ये वाळू-सिमेंटचे तात्पुरते बांध घालून गच्चीत पाणी भरतो. कठड्याशी पाण्याची पातळी मेम्ब्रेनच्या वरच्या कडेच्या खालीच राहील याची काळजी घेतो आणि 48 तास वाट पाहतो. खाली ओल वाढली नाही, तर सपाट भाग आणि पायथ्याचा सांधा शाबूत आहे असे धरता येते. मग पाणी सोडून देतो, पृष्ठभाग कोरडा होऊ देतो आणि पाइपने भिंतीवर पाणी मारतो, तेही खालून वर. प्रथम फक्त मेम्ब्रेनच्या उभ्या भागावर, नंतर त्याच्या कडेवर, त्यानंतर वरच्या प्लास्टरवर आणि शेवटी कठड्याच्या माथ्यावर, प्रत्येक टप्प्याला किमान एक तास. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोहोचतो आणि काहीच कळत नाही. कोणत्या टप्प्याला खालच्या खोलीत ओल उमटली, त्यावरून दोष कुठे आहे हे ठरते. सिलंटचा एक थेंबही वापरण्यापूर्वी हे दोन-तीन दिवस खर्च करणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

ठाण्यातील एका चार मजली इमारतीच्या गच्चीचे काम येथे तपशिलाने सांगतो, कारण आपल्या प्रश्नातील लक्षणे तिथे जशीच्या तशी होती. गच्ची 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद, कठडा 230 मिमी विटेचा, पाणी जाण्याची तोंडे एका लांब बाजूला आणि उतार 1:100. म्हणजे तोंडांच्या बाजूपेक्षा समोरची बाजू 90 मिमी उंच. आधीच्या कंत्राटदाराने तोंडांच्या बाजूला मेम्ब्रेनपासून 150 मिमी उंची मोजली, लेव्हल पाइपने तीच पातळी चारही भिंतींवर फिरवली आणि त्या रेघेवर मेम्ब्रेन कापले. रेघ अगदी समपातळीत आणि देखणी होती, पण समोरच्या बाजूला गच्चीच 90 मिमी उंच असल्यामुळे तिथे उभा भाग फक्त 60 मिमी उरला होता. पुढच्या वर्षी सोसायटीने संरक्षणासाठी 40 मिमीचा कोबा घातला आणि समोरच्या बाजूची कड कोब्यापासून जेमतेम 20 मिमी वर राहिली. जोराच्या पावसात कोब्यावर आपटून उडणारे पाणी तेवढी उंची सहज गाठते. पाणी भरून 48 तास ठेवले तेव्हा खाली काहीच उमटले नाही. मेम्ब्रेनच्या कडेवर पाइप धरल्यावर मात्र समोरच्या बाजूच्या खोलीत दीड तासात छताची कड काळी पडू लागली.

उंची सर्वांत उंच ठिकाणी मोजावी आणि अंतिम पृष्ठभागापासून मोजावी, हा धडा त्या गच्चीने अगदी स्पष्ट दिला. आपल्याकडे मेम्ब्रेनवर आता काहीच नसले, तरी पुढे कोबा, चायना मोझॅक किंवा लादी घालायची आहे का हे सोसायटीने आजच ठरवावे आणि ती जाडी धरूनच झिरीची रेघ मारावी. वर सांगितलेल्या गच्चीवर आम्ही नवी रेघ समपातळीतच ठेवली, पण ती समोरच्या उंच बाजूवरून घेतली. तिथे अंतिम कोब्यापासून 150 मिमी, म्हणजे मेम्ब्रेनपासून 190 मिमी. साहजिकच तोंडांच्या बाजूला तीच रेघ मेम्ब्रेनपासून 280 मिमी वर गेली. तेवढे मेम्ब्रेन जास्त लागले, पण त्या बाजूला पानांनी तोंड तुंबले की पाणी साठतेच, तेव्हा ही जास्तीची उंची वाया गेली असे मी म्हणणार नाही.

झिरीच्या मापाबद्दल बाजारात फार गोंधळ आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तपशिलांत कठड्याच्या आतल्या बाजूला 65 मिमी खोल आणि 75 मिमी उंचीची खाच सांगितलेली आहे. तिची खालची कड गच्चीपासून किमान 150 मिमी वर असावी आणि शक्यतो ती बांधकामाच्या वेळीच सोडावी, असेही म्हटले आहे. ते माप गरम डांबरात एकावर एक थर घालून बसवल्या जाणाऱ्या फेल्टसाठी आहे, कारण ते थर आत घ्यायला जागा लागते. 4 मिमीच्या एकाच मेम्ब्रेनसाठी, आणि तेही उभ्या असलेल्या जुन्या भिंतीत, एवढी मोठी खाच कापण्याची गरज नाही आणि ते भिंतीच्या हिताचेही नाही. वीटकामातील आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या सहाव्या भागापेक्षा खोल असू नये, हा पाळण्यासारखा नियम आहे. 230 मिमीच्या भिंतीत तो सुमारे 38 मिमी भरतो. म्हणून प्लास्टरची 15 मिमी आणि विटेतील 25 मिमी अशी एकूण 40 मिमी खोली आणि 25 मिमी उंची मी योग्य मानतो.

मापापेक्षाही आकार महत्त्वाचा आहे. झिरीचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असावा आणि त्याची बाहेरची कड घासून गोलसर केलेली असावी. मेम्ब्रेन भिंतीवरून वर येऊन या गोल कडेवरून आत वळते, तळावर टेकते आणि मागच्या बाजूला पुन्हा सुमारे 15 मिमी वर वळते. हा शेवटचा वळसा बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. मागे वर वळलेले मेम्ब्रेन एखाद्या उथळ पन्हळीसारखे काम करते. पुढे केव्हातरी झिरीचे भरण तडकले आणि वरच्या कडेतून पाणी आत आले, तरी ते मेम्ब्रेनच्या पुढच्याच बाजूला पडते आणि उतारावरून बाहेर निघते. वळसा नसेल आणि तळ आत उतरता असेल, तर तेच पाणी झिरीच्या मागच्या कोपऱ्यात साठते आणि मेम्ब्रेनच्या टोकावरून मागे उतरते. अशा झिरीत मेम्ब्रेन आत घेतलेले असूनही गळती चालूच राहते आणि मग सगळा दोष मेम्ब्रेनच्या माथी मारला जातो.

झिरी कापताना रंगाच्या दोरीने दोन समांतर रेघा मारून ग्राइंडरने दोन काप घ्यावेत आणि मधला भाग अरुंद छिन्नीने काढावा. नुसत्या छिन्नी-हातोड्याने झिरी पाडली की विटांच्या कडा तुटतात, आजूबाजूचे प्लास्टर हादरून सुटते आणि आपण एक वाट बंद करताना चार नव्या उघडतो. कापण्यापूर्वीच रेघेच्या वर-खाली हलका हातोडा वाजवत जावे आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथले प्लास्टर काढून टाकावे. त्या गच्चीवर समोरच्या भिंतीचे झिरीखालचे जवळपास सगळे प्लास्टर पोकळ निघाले. जुने मेम्ब्रेन सोलले तेव्हा त्याच्याबरोबर प्लास्टरचे पापुद्रे आले आणि मागे वीट ओली होती, तिच्यावर पांढरा क्षार फुललेला होता. तिथे विटेपर्यंत साफ करून 12 मिमीचे नवे, पॉलिमर मिसळलेले प्लास्टर करावे लागले. कच्च्या प्लास्टरवर पक्के मेम्ब्रेन चिकटवून काहीही साधत नाही.

पायथ्याच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे गच्ची आणि भिंत यांच्या कोनात मसाल्याची तिरकी भरणी, हवाच. मेम्ब्रेन काटकोनात वळवले तर कोपऱ्यात ते भिंतीला टेकत नाही, मागे पोकळी राहते, आणि पुढे कोणाचा पाय किंवा शिडीचे टोक पडले की तिथेच फाटते. आम्ही 1:4 मसाल्याचा 50 मिमी बाय 50 मिमी वाटा घेतला, सात दिवस पाणी मारले आणि त्यानंतर तो पूर्ण वाळू दिला. वाळणे हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. संध्याकाळी वाट्यावर आणि भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवावा. सकाळी त्याच्या आत थेंब दिसले तर अजून थांबावे. ओल्या पृष्ठभागावर ज्योत फिरली की आतले पाणी वाफ होऊन मेम्ब्रेनला फोड आणते आणि उभ्या भागावर आलेला फोड पुढे वरच्या कडेपर्यंत सरकतो. याच कारणासाठी हे काम पावसाळा संपल्याबरोबर ऑक्टोबरमध्ये हाती घेऊ नये. विटेचा कठडा वाळायला वेळ लागतो, म्हणून जानेवारी ते मे हा काळ बरा.

सपाट भागाचे मेम्ब्रेन वाट्याच्या माथ्यापर्यंत आणून थांबवावे आणि उभ्या भागासाठी वेगळ्या पट्ट्या कापाव्यात. तोच रोल सलग भिंतीवर चढवण्याचा मोह होतो, पण लांबलचक आडवा पट्टा गरम असताना स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि त्याची वरची कड झिरीतून निसटते. रोल 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो. आम्ही त्याचे आडवे, प्रत्येकी 500 मिमीचे तुकडे केले. एका तुकड्याचा हिशेब असा: झिरीत तळावर 40 आणि मागे वर 15, भिंतीवर 230, वाट्याच्या तिरक्या अंगावर 70, आणि उरलेले 145 मिमी सपाट मेम्ब्रेनवर चढ म्हणून. समोरच्या बाजूला भिंतीची उंची कमी होती, तिथे सपाटीवरचा चढ तेवढा वाढला. तुकड्यांचे माप मात्र सगळीकडे एकच ठेवले, म्हणजे कामगारांची गल्लत होत नाही. शेजारच्या तुकड्यावर 100 मिमी चढ घेतल्यावर एका तुकड्याने 900 मिमी भिंत झाकली जाते. गच्चीचा घेर 54 मीटर, म्हणजे 60 तुकडे, म्हणजे तीन रोल. कोपऱ्यांच्या जोडांसाठी चौथा रोल मागवला.

प्रायमर भिंतीला, वाट्याला आणि झिरीच्या तळाला व मागच्या बाजूला लावावा, मात्र झिरीच्या वरच्या बाजूला लावू नये. तिथे पुढे मसाला धरायचा आहे आणि डांबरी पृष्ठभागावर सिमेंटचा मसाला धरत नाही. प्रायमर बोटाला चिकटेनासा झाला की पट्टी खालून वर चिकटवत न्यावी. मागची फिल्म पूर्ण वितळून डांबर चकाकू लागले की दाबावे आणि कडेने 5 ते 10 मिमी डांबराचा ओघळ सलग बाहेर आलेला दिसावा. हा ओघळ म्हणजे काम तपासणाऱ्याच्या हातातील सर्वांत सोपा पुरावा आहे. जिथे तो तुटलेला दिसेल तिथे सांधा कच्चा आहे असे समजून पुन्हा ज्योत द्यायला लावावी. झिरीच्या आत ज्योत पोहोचत नाही, म्हणून वरचे 60 मिमी आत घालण्यापूर्वीच दोन्ही बाजूंनी मऊ करावे आणि 20 मिमी जाडीच्या लाकडी पट्टीने आत ढकलून मागे वर वळवावे. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे छोटे तुकडे दुमडून त्यांच्या पाचरी दर 300 मिमीवर ठोकाव्यात, म्हणजे मेम्ब्रेन थंड होताना परत बाहेर येत नाही. कठड्याचे आतले आणि बाहेरचे कोपरे पट्टीला चीर देऊन भागवू नयेत. तिथे आधी वेगळा तुकडा बसवावा आणि त्यावर पट्टी घ्यावी, कारण चिरेचे टोक नेमके कोपऱ्याच्या टोकावर येते आणि तिथे मेम्ब्रेनच उरत नाही.

झिरीच्या वरच्या बाजूची वीट ओलसर करून 1:3 मसाला, त्यात पॉलिमर मिसळून, दाबून भरावा आणि दर्शनी बाजूला 10 मिमी जागा सोडावी. नुसत्या मसाल्याने झिरी काठोकाठ भरली तर तो आकसतो आणि वरच्या कडेला केसाएवढी फट पडते. मसाला वाळल्यावर सोडलेल्या जागेत सिलंट भरावे. आपल्या कंत्राटदाराच्या सिलंटची खरी जागा ही आहे. सिलिकॉन डांबराला नीट धरत नाही आणि काही पॉलियुरेथेन सिलंटही डांबराच्या सहवासात मऊ पडतात, म्हणून बिट्युमेन मेम्ब्रेनबरोबर ते चालते असे उत्पादकाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. उन्हात सिलंट केव्हातरी तडकणारच आहे, पण झिरीचा आकार बरोबर असेल तर तोपर्यंत ते केवळ पहिला अडसर असते, एकमेव नव्हे.

झिरीच्या वरचे प्लास्टर नव्याने करताना त्याची खालची कड मेम्ब्रेनच्या दर्शनी पृष्ठभागापेक्षा 10 ते 12 मिमी पुढे ठेवावी आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटावे म्हणून बारीक खाच काढावी. मग भिंतीवरून येणारा ओघळ झिरीच्या तोंडावर न जाता तिच्या पुढून थेंबाथेंबाने खाली पडतो. उभे मेम्ब्रेन उघडे ठेवायचे असेल तर वरच्या बाजूला खनिज कण असलेले घ्यावे, साधे असेल तर त्यावर अ‍ॅल्युमिनियम रंग द्यावा, कारण उघड्यावर ऊन त्याला भेगाळवते. त्यावर प्लास्टर किंवा लादीची पट्टी हवी असेल तर कोंबडीजाळी लागते, आणि तिचे खिळे झिरीच्या वरच्या भिंतीतच मारावेत. ठाण्याच्या त्या कामावर एका कामगाराने सवयीने पायथ्याशीही खिळे मारले होते. पाच मीटर लांबीत मेम्ब्रेनला अकरा भोके पडली आणि तेवढा भाग पुन्हा करावा लागला.

काँक्रीटच्या कठड्यात झिरी मारू नये. सळयांवरचे आवरण तिथे 20 ते 25 मिमीच असते. आपण ते कापून टाकले तर पाच-सात वर्षांत सळई गंजून काँक्रीट फुगेल आणि मेम्ब्रेनही उचलले जाईल. अर्ध्या विटेच्या, म्हणजे 115 मिमीच्या कठड्यातही नको, कारण तिथे सहाव्या भागाचा नियम 19 मिमीवरच थांबवतो आणि प्लास्टर ओलांडून पुरेसे आत जाताच येत नाही. अशा ठिकाणी झिरीच्या रेघेवर प्लास्टरची 100 मिमी रुंद पट्टी मूळ काँक्रीट किंवा विटेपर्यंत काढावी, मेम्ब्रेन थेट त्या पृष्ठभागावर चिकटवावे आणि त्याच्या वरच्या कडेवर 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दर 200 मिमीवर स्क्रूने आवळावी. पट्टीच्या दोन लांब्यांमध्ये 2 ते 3 मिमी फट ठेवावी, कारण उन्हात ती वाढते. पट्टीच्या वरच्या ओठावर सिलंट भरून वरचे प्लास्टर पुढे झुकते आणि खाचेसह करावे. येथे सगळा भार सिलंटवर येतो, म्हणून दर मे महिन्यात ते बोटाने दाबून तपासणे भाग आहे. इमारत अजून बांधायची असेल तर काँक्रीट ओतण्यापूर्वीच साच्यात लाकडी पट्टी ठोकून खाच सोडून घ्यावी आणि तेवढे आवरण वाढवायला स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगावे.

एक मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवतो. झिरी प्लास्टरमधली वाट तोडते, विटेच्या गाभ्यातली नाही. कठड्याच्या माथ्यावरचे कोपिंग तडकलेले असेल किंवा बाहेरचे प्लास्टर फुटलेले असेल, तर पाणी भिंतीच्या मध्यातून झिरीच्याही मागून खाली येते. म्हणूनच चाचणीचा शेवटचा टप्पा माथ्यावर पाणी मारण्याचा ठेवला आहे. वर सांगितलेल्या गच्चीवर झिरीचे काम झाल्यावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा कडेवर आणि प्लास्टरवर पाणी मारूनही खोल्या कोरड्या राहिल्या. पण माथ्यावर दोन तास पाणी सोडल्यावर एका कोपऱ्यात ओलीचा हातभर पट्टा उमटला. कोपिंगला दर तीन-चार मीटरवर आरपार तडा होत्या आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला होता. तडा कापून भरल्या, माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार दिला, दोन्ही कडा भिंतीच्या पुढे काढून खाली खाच घेतली आणि वर लवचिक लेप दिला. त्यानंतर तोच टप्पा पुन्हा घेतला तेव्हा तो पट्टा वाढला नाही आणि पुढच्या तीन आठवड्यांत वाळून गेला. आपल्या गच्चीवरही झिरीचे दर मागवण्याआधी माथ्याची ही चाचणी करून घ्यावी आणि कोपिंगचे काम निघाले तर ते झिरीच्या आधी करावे, कारण कोपिंग फोडताना पडणारे तुकडे नव्या मेम्ब्रेनवरच येऊन आदळतात.